जर्मन अभिप्रायातली खोच: भाषांतराला बसण्यापूर्वीची तयारी

कोल्हापुरी चपला जर्मनीत पाठवणाऱ्या इथल्या एका व्यापाऱ्यासाठी मी तिकडच्या ग्राहकांचे अभिप्राय मराठीत आणून देते. पुढे दिलेली तयारी मी या कामातल्या माझ्याच एका चुकीनंतर ठरवून घेतली. ग्राहकाने चपलेला नावे ठेवली होती आणि मी मात्र त्याच्या तोंडी शिफारस घातली होती.

अभिप्राय चारच वाक्यांचा होता. 'हार्दिक अभिनंदन! दोनच फेरफटक्यांत माझे तळपाय चपलांइतकेच सुंदर तपकिरी झाले. करकर वर फुकट मिळते, त्यामुळे मी घरी केव्हा येतो हे साऱ्या गल्लीला कळते. प्फ्लास्टरच्या शौकिनांना निःसंशय शिफारस.' जर्मन भाषेत 'प्फ्लास्टर' म्हणजे फरसबंद रस्ताही आणि जखमेवर लावायची चिकटपट्टीही. मी पहिला अर्थ धरला आणि दगडी रस्त्यांवर चालणाऱ्यांना ही चप्पल आवडेल असे लिहून मोकळी झाले. व्यापाऱ्यांनाही त्यात वावगे वाटले नाही. 'मॅडम, हे तर कौतुकच हाय की! करकर ऐकून गल्ली जागी होत्ये म्हणतोय,' असे म्हणून ते वाक्य माहितीपत्रकावर छापायला निघाले. जर्मन जाणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने छपाईआधी मूळ मजकूर वाचला आणि पहिल्याच शब्दाशी ती हसली.

म्हणून आता मजकुराला हात लावण्यापूर्वी मी अभिप्रायाची संपूर्ण नोंद मागवते. किती तारे दिले, तारीख कोणती, कोणता नमुना आणि कोणते माप घेतले, सोबत छायाचित्र आहे का, विक्रेत्याने उत्तर दिले होते का, हे सगळे रकाने समोर असले पाहिजेत. त्या वेळी माझ्याकडे केवळ मजकुराचा रकाना आला होता. उरलेले रकाने 'भाषांतराला लागत नाहीत' म्हणून कुणीतरी गाळले होते. नंतर पाहिले तर त्या माणसाने पाचपैकी दोन तारे दिले होते.

याच टप्प्यावर फाईल नीट उघडली आहे की नाही तेही तपासावे लागते, कारण जर्मन अवतरणचिन्हांत पुष्कळ वेळा सगळी खोच असते. त्यांचे सुरुवातीचे चिन्ह ओळीच्या खाली बसते आणि शेवटचे वर. UTF-8 मध्ये जतन केलेली फाईल Excel मध्ये चुकीच्या पद्धतीने उघडली, की `für` या शब्दाचे `fÃ¼r` होते आणि खालच्या अवतरणचिन्हाच्या जागी `â€ž` असा कचरा दिसतो. मग कुणीतरी तो कचरा समजून पुसून टाकतो. 'हस्तकला' हा शब्द अवतरणात असेल तर ग्राहकाला ती हस्तकला वाटत नाही, आणि 'अस्सल' हा शब्द अवतरणात असेल तर तो जवळजवळ आरोपच असतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी आहे, आणि विक्रेता आपल्या वर्णनात त्याचा उल्लेख करतो. अशा वेळी ग्राहकाने अवतरणात टाकलेला 'अस्सल' चिन्हाविना मराठीत आला, तर तक्रारीचे प्रशस्तिपत्र होऊन बसते.

ताऱ्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जर्मन शाळेत 1 हा सर्वोत्तम शेरा आणि 6 हा सर्वांत वाईट, त्यामुळे क्वचित एखादा ग्राहक मनापासून खूश असूनही एकच तारा देऊन जातो. एक तारा, मजकूर गोड आणि त्यात कुठलीही वाईट घटना नाही, असा मेळ दिसला तर उपरोधाऐवजी ही गफलत असण्याचा संभव अधिक असतो. उलट 'झेट्सन, झेक्स!' असे लिहिलेले दिसले तर शंका घेऊ नये. 'बस खाली, सहा!' हे नापास विद्यार्थ्याला उद्देशून म्हणायचे ठरलेले वाक्य आहे, आणि त्यातल्या सहाचा ताऱ्यांशी काही संबंध नसतो.

नोंद हाती आली की पहिले वाचन पेन्सिल घेऊन करावे आणि सगळी विशेषणे, सगळे उद्गार व सगळ्या शिफारशी खोडून टाकाव्यात. मागे केवळ घडलेले उरते. वरच्या अभिप्रायात ते इतकेच उरले: दोन फेरफटके, तपकिरी तळपाय, आवाज, चिकटपट्ट्या. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या चामड्याचा रंग घामाने किंवा ओलाव्याने पायाला लागतो हे आपल्याला ठाऊक असते. पण ज्याला कुणी सांगितलेले नाही, तो याला दोषच म्हणणार. नवी चप्पल अंगठ्याशी चावते, म्हणून चिकटपट्ट्या. खूश झालेला माणूस चार वाक्यांत या चारच गोष्टी निवडून सांगेल का, एवढा एक प्रश्न तेव्हा विचारला असता तर बरे झाले असते. घटना वाईट आणि शब्द गोड अशी तफावत हीच उपरोधाची सर्वांत भरवशाची खूण आहे, आणि ती शोधायला जर्मन भाषेपेक्षा वस्तूची माहिती जास्त कामी येते.

दुसऱ्या वाचनात भाषेच्या खुणा पाहाव्यात. 'सुपर!' म्हणजे खरोखर छान, परंतु त्याच शब्दाआधी 'ना' हे छोटे अव्यय लागून 'ना सुपर' किंवा त्याच अर्थाचे 'ना टोल' झाले, की बहुतेक वेळा तो वैतागलेला सूर असतो. मराठीत 'झालं, छान!' म्हणताना आवाज जसा खाली येतो तसा. हे अव्यय जर्मन आहे आणि आपल्या नकारार्थी 'ना'शी त्याचे काही नाते नाही, हे नव्या भाषांतरकाराला मुद्दाम सांगावे लागते. अपयशाच्या गोष्टीआधी आलेले अभिनंदन, दोषाविषयी लिहिलेले 'वर फुकट', आणि 'अमुक आवडणाऱ्यांना शिफारस' यातला तो अमुक कुणालाच आवडणार नाही असा असणे, या तीन खुणा मला वारंवार दिसल्या आहेत. शिफारशीचे वाक्य आले की ती कोणाला केली आहे तेवढे बघावे. आवाजासाठी त्या माणसाने वापरलेला 'गेक्वीचं' हा शब्दही बोलका होता. क्रियापदाला पुढे 'गे' आणि मागे 'अं' जोडून जर्मन लोक कंटाळवाण्या, थांबता न थांबणाऱ्या आवाजाचे किंवा कृतीचे नाम बनवतात, आपल्या कटकट किंवा भुणभुण यांच्यासारखे. त्याला साधा आवाज म्हणायचा असता तर नुसते क्रियापदाचे नाम पुरले असते.

तिथेच माझी दुसरी चूक होती, आणि ती जर्मन भाषेची नसून कोल्हापूरची होती. इथल्या चप्पल लाईन या बाजारात जो चप्पल घ्यायला जातो तो करकर ऐकून घेतो. वाजणाऱ्या चपलेचे आपल्याकडे कौतुक आहे. साऱ्या गल्लीला कळते हे वाक्य वाचताना मला आमच्या घरातल्या थोरांचे जिन्यावरून उतरणे आठवले आणि मी ती स्तुती मानली. शांततेचे तास पाळणाऱ्या शेजाऱ्यांत राहणाऱ्या माणसाला ती करकर कशी वाटत असेल, हा विचार मनातही आला नाही. तेव्हापासून यादीत एक ओळ वाढली आहे: अभिप्रायातला जो गुण वाचून आपल्याला बरे वाटले, त्याखाली रेघ ओढावी आणि तो गुण ग्राहकालाही गुण वाटतो असे मजकुरात कुठे दिसते ते दाखवावे. दाखवता आले नाही तर ते बरे वाटणे आपले, ग्राहकाचे नाही.

इतकी सावधगिरी शिकल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याला जिथे तिथे टोमणे दिसू लागतात. आपल्या अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती दोन्ही बाजूंनी चालते, स्तुतीच्या रूपात निंदा आणि निंदेच्या रूपात स्तुती. तसे इथेही आहे. 'तक्रारीला जागा नाही' किंवा 'वाईट नाही' असे जर्मन माणूस लिहितो तेव्हा ती त्याची पसंतीच असते, अर्धवट होकार नव्हे. 'सावध राहा, व्यसन लागेल' किंवा 'एकच तोटा, आता बायकोलाही जोड हवा आहे' हे निखळ कौतुक आहे. तपासणी तीच करायची: विशेषणे खोडली तर मागे वाईट असे काही घडलेले उरते का? बायकोला जोड हवा असणे हे विक्रेत्याच्या दृष्टीने तरी संकट नाही.

यानंतर, आणि भाषांतराचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी, समासात निकाल लिहून ठेवते: अनुकूल, प्रतिकूल किंवा संदिग्ध, आणि त्यापुढे ज्या घटनेवरून तो ठरवला ती घटना. आधी लिहिण्याचे कारण असे, की एकदा गोड मराठी वाक्य तयार झाले की आपणच त्याच्या प्रेमात पडतो आणि निकाल त्या वाक्याला साजेसा करून घेतो. ताऱ्यांविना आलेला, एकाच शब्दाचा 'सुपर' मी संदिग्धच ठेवते. त्याला कुठल्याच बाजूच्या मोजणीत घेऊ नये असे व्यापाऱ्यांना कळवते. त्यांना ते आवडत नाही, पण मोजणी त्यांची असली तरी सही माझी असते.

शेवटची पायरी म्हणजे जर्मन न येणाऱ्या कुणाला तरी नुसते मराठी वाचायला देणे आणि हा माणूस चप्पल पुन्हा घेईल का असे विचारणे. उत्तर समासातल्या निकालाशी जुळले नाही तर टोमणा मराठीत उतरला नाही असे समजावे. 'हार्दिक अभिनंदन' मराठीतही टोमण्यासारखे चालते, म्हणून ते मी ठेवले. 'प्फ्लास्टरचे शौकीन' मात्र चालले नसते. तिथे 'ज्यांना चिकटपट्ट्या विकत घ्यायची हौस आहे त्यांनी जरूर घ्यावी' असे केले, आणि 'करकर' काढून 'कुरकुर' घातले. माझ्या भाच्याने ते वाचले आणि म्हणाला, 'हा तर चिडलाय.' सुधारलेली प्रत व्यापाऱ्यांना दिली, तेव्हा रंगाची आणि अंगठ्याची तक्रार त्यांनी लगेच मान्य केली व खोक्यात सूचनेची चिठ्ठी घालायचे ठरवले. करकरीचे वाक्य तेवढे वगळा, ती काय तक्रार झाली, असे मात्र त्यांनी दोनदा सांगून पाहिले. मी ते वगळले नाही.