ऑफिसच्या ग्रुपवर ड्रॉइंग टॅब्लेट विचारताय? आधी या चुका टाळा

भाचीला उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि मी ऑफिसच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: "कोणी चांगला ड्रॉइंग टॅब्लेट सुचवेल का? भाची आर्टला गेलीय, बजेट फार नाही."

अर्ध्या तासात चार उत्तरं आली. एकाने आयपॅड आणि अ‍ॅपल पेन्सिल सुचवली. एकीने तेरा इंची स्क्रीनवाला ह्युऑन. तिसऱ्याने कॉम्प्युटरला जोडायचा वॅकॉमचा छोटा पॅड. चौथ्याने लिंक पाठवली ती लहान मुलांच्या पाटीची, बटण दाबलं की पुसली जाते ती. चौघांनीही मनापासून सांगितलं होतं. "ड्रॉइंग टॅब्लेट" या दोन शब्दांत या सगळ्या वस्तू बसतात, आणि मला कोणती हवी ते मी लिहिलंच नव्हतं.

पहिली चूक: कोणता प्रकार हवा ते न लिहिणं

पाटी बाजूला ठेवली तर प्रकार तीन. एक, स्वतःची स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट. हा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा, हात पॅडवर फिरतो आणि नजर मॉनिटरवर राहते. दोन, पेन डिस्प्ले. यात स्क्रीनवरच काढता येतं, पण तोही बहुतेक वेळा कॉम्प्युटरशिवाय चालत नाही. हे न कळल्यामुळे लोक तो घरी आणतात आणि मग लॅपटॉपला एचडीएमआय आहे का, ते शोधत बसतात. तीन, आयपॅडसारखा एकटा चालणारा टॅब्लेट.

नवशिक्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप असेल तर पहिला प्रकार पुरेसा आहे, हे माझं ठाम मत आहे. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे ही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात, पण लागते. घरात लॅपटॉपच नसेल तर मात्र एकटा चालणारा टॅब्लेट बघावा. तेव्हा मेसेजमध्ये "स्टायलसला दाब कळायला हवा" हे आवर्जून लिहा. रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस फक्त बोटाचं काम करतो. त्याने रेघ कितीही दाबून ओढली तरी जाडी तीच राहते.

दुसरी चूक: घरात काय आहे ते न सांगणं

उत्तर देणाऱ्याला भाचीच्या कलेपेक्षा तिच्या टेबलावर काय आहे ते आधी कळायला हवं. विंडोज, मॅक की क्रोमबुक? स्क्रीन केवढी? सॉफ्टवेअर कोणतं? प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं, तर क्रिटा फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

स्क्रीनचं माप का लागतं ते बघा. वॅकॉमच्या छोट्या पॅडवर काढण्याची जागा 152 × 95 मिलिमीटर असते. 15.6 इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण 345 मिलिमीटर रुंद, म्हणजे हात एक सेंटिमीटर हलला की कर्सर सव्वादोन सेंटिमीटर सरकतो. हे सांभाळता येतं. पण तोच पॅड 27 इंची मॉनिटरला जोडला तर कर्सर जवळजवळ चौपट पळतो आणि बारीक रेघ थरथरू लागते. मोठा मॉनिटर असेल तर "मध्यम आकाराचा हवा" असंच विचारा.

तिसरी चूक: "सगळ्यात चांगला कोणता?"

असं विचारलं की लोक खोक्यावरचे आकडे सांगतात. दाबाच्या पायऱ्या 2048, 4096, 8192. पहिल्या वर्षाच्या हाताला यातला फरक जाणवत नाही. जाणवतं ते हे, की पेन अगदी हलका टेकला तर रेघ उमटते का? हे खोक्यावर सापडत नाही, वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून प्रश्न वापरणाऱ्याला विचारा: किती दिवस वापरला, पेनची टोकं किती लवकर झिजली, पेन हरवला तर त्याच मॉडेलचा सुटा मिळतो का? एका कंपनीचा पेन दुसऱ्या कंपनीच्या पॅडवर सहसा चालत नाही, त्यामुळे कोणी जुना पॅड पेनशिवाय देऊ केला तर आधी ही चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी मी मेसेज नव्याने लिहिला:

"नमस्कार मंडळी. भाची उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. कागदावर छान काढते, कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच काढणार. घरी विंडोज 11 चा लॅपटॉप आहे, स्क्रीन 15.6 इंची. त्याला जोडायचा, स्वतःची स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट हवाय. क्रिटा वापरणार. ती डावखुरी आहे. बजेट सगळं मिळून पाच हजार. तुमच्यापैकी कोणी स्वतः वापरला असेल तर मॉडेल आणि त्यात काय त्रास झाला, ते शुक्रवारपर्यंत कळवाल का? कोणाकडे असेल तर एक दिवस हाताळायला मिळाला तर फार मदत होईल."

या वेळी उत्तरं तीनच आली, पण तिन्ही कामाची. डावखुऱ्या हाताचं लिहिलं म्हणून एका ताईंनी सांगितलं की पॅड उलटा फिरवून ठेवायचा आणि ड्रायव्हरमध्ये दिशा 180 अंशांनी बदलायची, म्हणजे बटणं हाताखाली येत नाहीत. त्यांनी स्वतःचा पॅडही दिला.

पॅड हातात आल्यावर

भाचीने पहिला गोल काढला तो लंबगोल आला. दोष हाताचा नव्हता. पॅडचं प्रमाण 16:10 आणि स्क्रीनचं 16:9. पॅडवर पाच सेंटिमीटरचा गोल काढला तर 1920 × 1080 च्या स्क्रीनवर तो 632 पिक्सेल रुंद आणि 568 पिक्सेल उंच होतो. वॅकॉमच्या सेटिंगमध्ये `Force Proportions` वर खूण केली की पॅडची साडेनऊ मिलिमीटर उंची वाया जाते, पण गोल गोलच राहतो. हे माहीत नसेल तर नवखं मूल आपलाच हात बिघडला समजून चुकीची सवय लावून घेतं, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

दुसरी अडचण म्हणजे कर्सर हलतो, पण पेनचा दाब कळत नाही. लॅपटॉपवर आधी दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर असेल तर तो काढून टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मग नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. तरीही जमलं नाही तर क्रिटाच्या `Configure Krita` मध्ये `Tablet settings` उघडा, `WinTab` आणि `Windows Ink` यांपैकी जे निवडलेलं नसेल ते निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. मॅकवर पेन मुळीच चालत नसेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये `Accessibility` आणि `Input Monitoring` या दोन्ही ठिकाणी ड्रायव्हरला परवानगी द्यावी लागते.

नवा पॅड घेतल्यावर परत करण्याच्या मुदतीत एक गोष्ट करा. पॅडवर पट्टी तिरकी धरा आणि अगदी सावकाश रेघ ओढा. झटकन ओढलेली रेघ नेहमीच सरळ दिसते, दोष कळतो तो सावकाश ओढल्यावर. रेघ नागमोडी आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा ओढा. आता सरळ आली तर गडबड चार्जरच्या अर्थिंगची आहे, पॅड ठीक आहे. चार्जर काढूनही नागमोडीच आली तर पॅड बदलून घ्या.