रात्री अंथरूण ओलं होतं? डेस्मोप्रेसिन देताना पाण्याचं वेळापत्रक कसं सांभाळावं

डेस्मोप्रेसिन शरीरातल्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकासारखं काम करतं. ते घेतल्यावर मूत्रपिंडं रात्रभर लघवी कमी तयार करतात आणि पाणी शरीरातच राहतं. म्हणून गोळी घेतल्यावर मूल भरपूर पाणी प्यायलं तर ते बाहेर पडत नाही, रक्त पातळ होतं आणि सोडियम घसरतं. हे औषध एरवी मुलांना चांगलं सोसतं. खरा धोका हा एकच, आणि तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो.

सुरू करण्याआधी

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना या कारणासाठी ते देत नाहीत. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सारखी तहान लागते, वजन उतरतंय, असं असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. बद्धकोष्ठ असेल तर त्याचा उपचार आधी करा, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा मुलाला सतत पाणी पिण्याची सवय असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

डोस

साध्या गोळीची सुरुवात ०.२ मिलिग्रॅमने होते. जिभेखाली विरघळणारी गोळी असेल तर १२० मायक्रोग्रॅम. आकडे वेगळे दिसले तरी परिणाम साधारण सारखाच असतो, त्यामुळे एक प्रकार बदलून दुसरा देताना आकडा जुळवायला जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. डोस वजनावर ठरत नाही. एक-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर तो दुप्पट, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम किंवा २४० मायक्रोग्रॅम करतात. त्यापुढे नाही. नाकात मारायचा स्प्रे या त्रासासाठी वापरू नये. त्याने सोडियम घसरून झटके आल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ साली त्याची ही मान्यता काढून घेतली.

संध्याकाळ कशी बसवायची

नियम असा: गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास तहान भागेल इतके घोटच. समजा आठ वर्षांची मुलगी साडेनऊला झोपते. सात वाजता जेवण, साडेसातपर्यंत पाणी पिऊन घ्यायचं. साडेआठला गोळी, एका घोटाबरोबर. साडेनऊला लघवी करून अंथरुणात. पहाटे साडेचारपर्यंत पाण्याची बाटली उशाशी ठेवायची नाही. विरघळणारी गोळी झोपेच्या अर्धा ते एक तास आधी चालते, आणि तिला पाणी लागतच नाही.

जेवणाबरोबरच गोळी दिली तर ती कमी शोषली जाते. पण घराघरांत फसतं ते वेगळ्याच ठिकाणी: झोपताना दूध द्यायची पद्धत. ते दूध, जेवणातलं वाटीभर ताक, कढी, रात्रीचं कलिंगड हे सगळं द्रवच मोजायचं. दूध संध्याकाळी पाच वाजता द्या.

संध्याकाळी पाणी तोडायचं तर दिवसा ते पुरेसं हवं. आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण एक ते सव्वा लिटर द्रव लागतं. शाळेची बाटली भरलेलीच परत येत असेल तर सगळी तहान संध्याकाळी निघते आणि वेळापत्रक मोडतं. तेव्हा शिक्षकांशी बोलून मधल्या सुट्टीत पाणी प्यायला लावा.

गोळी कधी द्यायची नाही

उलट्या, जुलाब, ताप असेल तेव्हा बंद, मूल पूर्ववत खाऊ-पिऊ लागेपर्यंत. जुलाबात पाणी नि मीठ-साखर घातलेलं सरबत पाजावंच लागतं, आणि त्याच वेळी ही गोळी नको. लग्नात रात्री उशिरा सरबतं झाली, तलावात पोहताना पाणी पोटात गेलं, तर त्या रात्रीही वगळा. चुकलेली गोळी मध्यरात्री देऊ नका, दुसऱ्या दिवशी दुप्पटही नको.

आयब्युप्रोफेन, इमिप्रामिन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. त्यांच्याबरोबर सोडियम घसरण्याची शक्यता वाढते.

धोक्याची खूण

डोकेदुखी, मळमळ, उलटी, एकदम वाढलेलं वजन, सुस्ती किंवा गोंधळलेलं वागणं दिसलं तर गोळी थांबवा, पाणी पाजत राहू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झटका आला किंवा मूल नीट जागं होत नसेल तर थेट रुग्णालयात न्या आणि गोळी चालू आहे हे तिथे पोचताच सांगा, म्हणजे सोडियम लगेच तपासलं जाईल.

किती दिवस

ओल्या-कोरड्या रात्रींची वही ठेवा आणि चार आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा. ओल्या रात्री कमी झाल्या, डाग लहान झाला, तरी उपयोग होतोय असं समजावं. उपयोग असेल तर तीन महिन्यांनी आठवडाभर गोळी थांबवून पाहतात. पुन्हा ओलं झालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने परत सुरू करतात. मूल त्या आठवड्यात कोरडं राहिलं तर औषधाची गरज संपली असू शकते.