जाहिरात वाचली, पण बोलली नव्हती

हार्डवेअरच्या दुकानासाठी 30 सेकंदांची रेडिओ जाहिरात लिहिली होती. सुरुवात अशी: ‘दर्जेदार साहित्याचे विश्वसनीय दालन! आजच भेट द्या!’ मोठ्याने वाचली तेव्हा खटकलं. असं कुणी शेजाऱ्याशी बोलतं का? शिवाय शब्द 85 होते, त्यामुळे निवेदकाला श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

मग दुकानदाराला विचारलं, गिऱ्हाईक आत येऊन पहिलं वाक्य काय बोलतं? ‘नळ गळतोय, नवा द्या.’ तो म्हणाला, बहुतेक वेळा नुसता वायसर झिजलेला असतो. जाहिरात तिथेच सापडली:

‘रात्रभर नळ टपटपतोय ना? अहो, लगेच नवा नळ नका घेऊ. आतला वायसर झिजला असेल. जुना काढून खिशात टाका आणि या, त्याच मापाचा देतो. शाळेच्या फाटकासमोर आहे मी.’

मालाची यादी काढली, फोन नंबरही काढला. ऐकता ऐकता दहा आकडे कोण लिहून घेणार? खूण मात्र लक्षात राहते. दुकानाचं नाव शेवटी दोनदा घेतलं. ‘ना’नंतरचा क्षणभराचा थांबा निवेदकाने आधी गाळला होता, तो ठेवल्यावरच प्रश्न खरा वाटला.