कानशिलावरचे पांढरे केस रंग धरत नाहीत तेव्हा

पार्लरमध्ये नव्याने कलरिंग शिकणाऱ्या मुलींना मी आधी क्लायंटची कपाळाकडची केसांची कड बघायला सांगते, शेड कार्ड नंतर. हल्ली अंबाडा किंवा पोनीटेल चापूनचोपून बसावी म्हणून वॅक्स स्टिक फिरवली जाते, ती नेमकी इथेच. पांढरे केसही आधी इथेच दिसतात. मग रंग लावून धुतला की बाकी डोकं व्यवस्थित रंगलेलं असतं आणि कानशिलं पांढरीच राहतात. क्लायंट म्हणते, ‘माझे पांढरे केस फार चिवट आहेत हो.’ काही वेळा ते खरंही असतं, पण आधी केसांवर रंग अडवणारा थर साचलाय का ते तपासा.

एका ताईंचं उदाहरण सांगते. शाळेत नोकरी, रोज अंबाडा, पुढे वॅक्स स्टिक, आणि धुतल्यावर लांबीवर सिरम. प्रत्येक टचअपनंतर कानशिलं कोरी राहायची, म्हणून आधीच्या पार्लरमध्ये दरवेळी जास्त गडद शेड लावली गेली होती. त्याने लांबी काळीठिक्कर झाली, कानशिलं मात्र तशीच. मी कोरड्या केसांवर दोन ठिकाणी पाण्याचा फवारा मारला, मानेजवळ आणि कपाळाकडे. मानेजवळ पाणी हळूहळू पसरलं, पुढे मात्र थेंब गोळे होऊन बसले. निरोगी केसही थोडं पाणी झटकतात, म्हणून नेहमी एकाच डोक्यावरच्या दोन जागांची तुलना करा. मग पुढची एक बट अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढली, तर नखावर पांढुरका चिकट मळ आला. तो मेणाचा.

मेण आणि सिरममधलं सिलिकॉन एकाच पद्धतीने निघत नाहीत, आणि गडबड होते ती इथेच. मेण कडक गरम पाण्याने जाईल असं वाटतं. पण नुसतं मधमाशांचं मेण वितळायलाच साठ अंशांच्या वर तापमान लागतं, तेवढ्यात टाळू भाजेल. मेण तेलात विरघळतं. म्हणून ताईंच्या कोरड्या केसांच्या कडेला थोडं बेबी ऑइल बोटांच्या पेरांनी चोळलं आणि दहा मिनिटं ठेवलं. मग पाणी न लावता त्यावरच शांपू घातला, तो तेलात नीट मिसळू दिला आणि नंतर कोमट पाण्याने धुतलं. क्रम उलटला, म्हणजे आधी पाणी ओतलं, तर तेल-मेण केसांवर तसंच पसरून राहतं. तेलाचा अंश मागे राहिला तर तोही रंगाला अडवतो.

सिरममधलं सिलिकॉन क्लॅरिफायिंग शांपूने काढायचं. बाटलीवर डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन लिहिलेलं असेल तर ते नुसत्या पाण्याने जात नाही. त्यातलं अमोडायमेथिकोन खराब झालेल्या भागाला जास्त चिकटतं, त्यामुळे टोकांना थर जाड बसतो. ताईंची लांबी दोनदा धुतली आणि दुसऱ्या वेळी फेस दोन-तीन मिनिटं ठेवला. पहिल्या धुण्यात फेस जेमतेम झाला होता, दुसऱ्यात भरपूर आला. ओला केस बोटांत सरकवला की आधीचा बुळबुळीतपणा जाऊन किंचित खरखरीत लागला, म्हणजे केस स्वच्छ झाला. या सगळ्यात टाळूला नखं लावायची नाहीत. ओरखडलेल्या टाळूवर रंग झोंबतो. नाजूक टाळू असेल तर हे धुणं आदल्या दिवशी करून घ्या आणि मधे काहीही लावू नका असं बजावून सांगा.

यानंतर कंडिशनर नाही. केस पूर्ण कोरडे करा, पण ड्रायरआधी हीट प्रोटेक्टंट किंवा नंतर सवयीने सिरमचा एक पंप मारू नका. त्या दोन्हींत बहुतेक वेळा सिलिकॉनच असतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

थर निघाला की आणखी एक गोष्ट उघडी पडते. सिलिकॉनने झाकलेली कोरडी, सच्छिद्र टोकं आता रंग भसाभस ओढतात. म्हणून ताईंना रंग फक्त मुळांना लावला, सुरुवात कानशिलांपासून केली आणि लांबीला हात लावला नाही. त्याआधी पुढच्या एका बटेवर तोच कालवलेला रंग पाकिटावर दिलेला पूर्ण वेळ ठेवून पुसून पाहिला होता. बट रंगली, म्हणून पुढे गेलो. अॅलर्जीची पॅच टेस्ट वेगळी, ती ४८ तास आधी झालेलीच होती.

अशा स्वच्छ बटेनेही रंग धरला नसता, तर पांढरे केस खरोखर चिवट आहेत असं मानून शेड आणि डेव्हलपरचा विचार केला असता. बोअरच्या पाण्याचे क्षार बसले असतील तर तेल किंवा साधा क्लॅरिफायिंग शांपू पुरत नाही, क्षार ओढून काढणारा चिलेटिंग शांपू लागतो. आणि आधी रंगवलेल्या केसांवर क्लॅरिफायिंग शांपू वापरला की जुना रंगही थोडा उतरतो, हे क्लायंटला धुण्याआधीच सांगून ठेवा. ताईंना मी वॅक्स स्टिक बंद करायला सांगितलं नाही, फक्त टचअपच्या आधीचे दोन दिवस लावू नका एवढंच म्हटलं.