मोठ्या ग्रुपमध्ये नंबर दिसतोच, मग काय करता येतं

व्हॉट्सअॅपवर तुमचा नंबर हीच खात्याची ओळख असते. त्यामुळे साध्या ग्रुपमध्ये तो लपवायची सेटिंगच नाही. फोटो लपवला तरी नंबर सगळ्यांना दिसतो.

म्हणून उपाय आत जाण्याआधीच. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मग अनोळखी अॅडमिनला तुम्हाला थेट घालता येत नाही. तो आमंत्रण पाठवतो, ते 3 दिवसांत संपतं. स्वतः लिंकवरून शिरलात, तर मात्र ही सेटिंग कामाची नाही.

ग्रुप सोडला तरी जुन्या सदस्यांच्या यादीत नंबर 60 दिवस राहतो. फक्त सूचनाच द्यायच्या असतील तर अॅडमिनला चॅनल सुरू करायला सांगा. तिथे फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.