अळ्या कातेवर बसल्या की पाला थांबवा

एकाच रॅकवर काही रेशीम अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर चढायला निघालेल्या आणि काही अजून तुती खातायत, असं झालं की कोष काढणीचा घोळ होतो. आमच्या पहिल्या बॅचला तेच झालं. चूक कात टाकताना पाला देण्यात होती.

१. अळी डोकं वर करून निश्चल बसली, अंग चकाकतंय आणि पाल्याला तोंड लावत नाही, म्हणजे ती कातेवर बसली. दहातल्या नऊ अशा दिसल्या की पाला बंद.

२. चाळलेला विरलेला चुना बेडवर पातळ भुरभुरा. उरलेला पाला वाळतो, लवकर उठलेली अळी खात बसत नाही. हवा खेळती ठेवा.

३. कात टाकलेल्या अळीचं डोकं मोठं, कातडी सैल आणि मळकट दिसते. जवळपास सगळ्या उठल्या की जंतुनाशक भुकटी मारा आणि अर्ध्या तासाने कोवळा पाला द्या. चौथ्या कातेला एक दिवस किंवा थोडा जास्त लागतो.

चार-दोन अळ्या फिरताना दिसल्या म्हणून पाला टाकू नका. त्या उपाशी मरत नाहीत, पण त्यांना खाऊ घातलंत तर बाकीच्या मागे पडतात.