बढती हुकल्यावर साहेबांना मेल लिहिताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतून वेतनवाढीची पत्रे वाटली जातात आणि ज्यांची बढती हुकली आहे त्यांचे मेल साहेबांकडे येऊ लागतात. मनुष्यबळ विभागात काम करताना असे मेल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांतले दुःख खरे असते, बहुतेकांचे कामही चांगले असते आणि तरीही त्याच त्या चुकांमुळे लिहिणाऱ्याची बाजू लंगडी पडते, याचे मला फार वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ज्याला बढती मिळाली त्याच्याशी तुलना करणे. एका कारखान्यात ग्राहकांच्या तक्रारी आणि ऑडिट सांभाळणारा एक क्वालिटी इंजिनिअर होता. यादी लागली त्याच रात्री, दुसरी पाळी संपवून घरी गेल्यावर, त्याने साहेबांना लिहिले की माझ्यानंतर रुजू झालेल्याला आपण सीनियर इंजिनिअर केलेत आणि ऑडिटच्या आठवड्यात तो रजेवर होता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण साहेबांनी निर्णय आधीच घेतलेला असल्यामुळे त्यांना त्याचे समर्थन करणे भाग पडले. उत्तरात त्यांनी त्या सहकाऱ्याचे गुण मांडले आणि मेल आमच्या विभागाकडे पाठवला. पुढे जी बैठक झाली, तिचा सारा वेळ रजा मंजूर होती की नव्हती यातच गेला आणि या मुलाने ऑडिटमधल्या त्रुटी मुदतीत बंद केल्या होत्या, ही गोष्ट कोणी उच्चारलीसुद्धा नाही. शिवाय पुढच्या ऑडिटला त्याला त्याच सहकाऱ्याच्या हाताखाली काम करायचे होते.

म्हणून माझी सवय अशी आहे, की कोणी सल्ला विचारायला आले तर मी त्यांना मेल त्याच रात्री मनसोक्त लिहायला सांगते, पण पाठवायचा पत्ता रिकामा ठेवायला लावते. दोन दिवसांनी ज्या वाक्यात दुसऱ्याचे नाव किंवा त्याच्याकडे बोट दाखवणारा उल्लेख असेल ते सरळ काढायचे. जे उरते, तेवढेच साहेबांच्या उपयोगाचे असते. हे दोन दिवसही ज्यांना थांबवत नाही, त्यांना मी पुढचे काही सांगत नाही.

दुसरी चूक दिसायला सभ्य आहे, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. ‘कृपया मार्गदर्शन करावे’ एवढेच लिहिले की ‘असेच काम करत राहा, पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर येते. बढती न मिळण्याची कारणे साधारण दोन प्रकारची असतात: वरची जागाच रिकामी किंवा मंजूर नसते, किंवा त्या जागेसाठी तुमची तयारी अपुरी वाटलेली असते. पहिल्या प्रकारात जागा केव्हा निर्माण होईल किंवा दुसऱ्या विभागात आहे का, हे विचारावे लागते. दुसऱ्यात कोणते काम करून दाखवायचे, हे. कारण न विचारता वर्षभर राबणारी माणसे मी पाहिली आहेत. जागाच नव्हती, हे त्यांना पुढच्या एप्रिलमध्ये कळले.

वर सांगितलेल्या क्वालिटी इंजिनिअरने लिहायला हवा होता तो मेल मी असा लिहिला असता:

‘आदरणीय सर, या वर्षीच्या यादीत माझे नाव नसल्याने मी निराश झालो आहे, पण निर्णय मला मान्य आहे. गेल्या वर्षी ग्राहक ऑडिटमधील त्रुटी मुदतीत बंद करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. सीनियर इंजिनिअरच्या पदासाठी अडचण जागेची होती की माझ्या तयारीत काही कमी पडले, हे मला समजून घ्यायचे आहे. तयारीचा प्रश्न असेल, तर येत्या सहा महिन्यांत कोणते काम स्वतंत्रपणे सांभाळून दाखवावे, हे आपण सांगावे आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा एकत्र आढावा घ्यावा, ही विनंती. पुढील आठवड्यात आपल्या सोयीने अर्धा तास मिळेल का?’

निराशा एका वाक्यात सांगितलेली बरी. ती लपवली तर बाकीचा मेल खोटा वाटतो. ऑक्टोबर मी मुद्दाम घातला आहे. एप्रिल ते मार्च असे वर्ष मोजणाऱ्या बहुतेक कंपन्यांत बढतीचे प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतात, त्यामुळे मार्चमध्ये आठवण करून दिल्यास फार उशीर झालेला असतो.

राजीनाम्याचा इशारा, जायचे पक्के नसेल तर, लिहू नये. पहिल्याच मेलची प्रत प्लांट हेडला किंवा आम्हाला पाठवू नये, कारण त्याने साहेब सावध होतात आणि मोकळेपणाने बोलत नाहीत. व्हॉट्सॲपवर तर हा विषय काढूच नये.

भेट झाल्यावर, त्याच दिवशी, ठरलेली दोन-तीन कामे आणि आढाव्याची तारीख लिहून साहेबांना चार ओळींचा मेल पाठवावा. बढतीचे वचन मागू नये. ते बहुधा एकट्या साहेबांच्या हातात नसते. मात्र ऑक्टोबरमध्येही काम किंवा तारीख ठरत नसेल, तर दुसऱ्या विभागातल्या जागेची चौकशी करायला आमच्याकडे यावे, आणि येताना तो चार ओळींचा मेल सोबत आणावा.